पत्रकात दोनदा ८ आणि एकदा ९, खरा आकडा कुठला?

*नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी पतसंस्थेत प्रशासन विभागात आहे. २१ सप्टेंबरला आमची वार्षिक सभा झाली. प्रसिद्धीपत्रक मीच तयार केलं आणि पाठवण्याआधी चार वेळा वाचलं. शीर्षकात ९ टक्के लाभांश होता आणि आत दोन ठिकाणी ८ टक्के, म्हणून मी शीर्षकातल्या ९ चा ८ केला. नंतर कळलं की ९च बरोबर होता. तीन दैनिकांत बातमी आली ती तीन तऱ्हांनी. एकात आमच्या अधिकाऱ्यांचं पद चुकलं, एकात सभेची तारीखच चुकली. अध्यक्ष माझ्यावर खूप रागावले. चार वेळा वाचूनही चुका का सापडल्या नाहीत? पत्रक, सभेची नोटीस आणि ठरावाची प्रत सोबत पाठवते आहे. — एक वाचक*

ताई, नमस्कार.

पत्रकाबरोबर नोटीस आणि ठरावही पाठवलात ते फार बरं झालं, कारण चुकीचं मूळ तिथंच सापडलं. मी बरीच वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होते. संध्याकाळी येणारी पत्रकं हाताळण्यातच ती वर्षं गेली. तेव्हा हे पत्रक डेस्कवर पडल्यावर त्याचं काय झालं असेल, ते मला डोळ्यांसमोर दिसतं.

आधी ८ आणि ९ चं पाहू, कारण बाकीच्या चुकाही त्याच वाटेनं आल्या आहेत. तुम्ही आकडे एकमेकांशी ताडून पाहिलेत, हे बरोबरच केलंत. पण दोन आकडे जुळत नाहीत हे कळल्यावर निकाल बहुमतानं दिलात. पत्रकात बहुमताला काही अर्थ नसतो. हे पत्रक मागच्या वर्षीच्या फाइलवर नवीन माहिती चढवून तयार झालं आहे, ते मांडणीवरूनच कळतं. मागच्या वर्षी ८ टक्के होते, ते दोन्ही ठिकाणी तसेच राहिले. शीर्षक तेवढं तुम्ही नव्यानं लिहिलंत, म्हणून तिथं ९ आला. म्हणजे जो आकडा एकदाच होता तो ताजा, आणि जो दोनदा होता तो शिळा. जुन्या फाइलवर काम करताना असंच होतं. शिळी चूक एकटी राहत नाही, जिथं जिथं जुना मजकूर आहे तिथं तिथं ती असते.

म्हणून विसंगती सापडली की पत्रकात उत्तर शोधायचं नाही. दोन्ही आकड्यांभोवती पेन्सिलीनं गोल करायचे आणि पत्रक बाजूला ठेवून मूळ कागद उघडायचा. लाभांशासाठी तो कागद म्हणजे सभेत मंजूर झालेला ठराव. तुमच्या प्रतीत ९ टक्के स्वच्छ लिहिलं आहे. सभेची तारीख, वार, वेळ, ठिकाण आणि सभा कितवी, यासाठी नोटीस. नफा, ठेवी, कर्जं यांसाठी छापील वार्षिक अहवाल. संचालकांची आणि अधिकाऱ्यांची पदंही अहवालाच्या पहिल्या पानांवरच असतात. हे तीन कागद टेबलावर नसतील तर तपासणी सुरूच करू नका. चार वेळा वाचूनही चुका निसटल्या त्याचं कारण हेच आहे. तुम्ही पत्रक पत्रकाशीच ताडत होतात.

आणि चारही वेळा तुम्ही ते वरून खाली वाचलंत. तसं वाचलं की बातमीचा ओघ आपल्याला पुढं ओढत नेतो आणि वाक्यं बरोबर आहेत एवढंच कळतं. छापील प्रत घ्या आणि एका फेरीत एकच गोष्ट पाहा. पहिली फेरी फक्त तारखांची. मधलं काही वाचायचं नाही, तारखेवरून तारखेवर उडी मारायची. तुमच्या पत्रकावर तशी फेरी मारली तेव्हा मला हे दिसलं. सुरुवात आहे «सांगली, ता. २० :». पहिल्या वाक्यात «रविवारी (ता. २२) खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली». खाली अध्यक्षांच्या भाषणात «आजच्या सभेत».

सभा झाली रविवारी, २१ सप्टेंबर २०२५ ला. २२ तारखेला सोमवार होता, त्या दिवशी घटस्थापना होती. वार आणि तारीख जुळत नाही हे कॅलेंडर पाहिलं की लगेच कळतं. पत्रकातला प्रत्येक वार कॅलेंडरवर बोट ठेवून पाहायचा. तोंडपाठ असलेली तारीखसुद्धा. चूक बहुतेक तिथंच होते, कारण तिच्याकडे आपण पाहतच नाही.

सुरुवातीच्या ता. २० मधली चूक जास्त खोल आहे. बातमीच्या आरंभी गाव आणि तारीख असते, ती बातमी कुठून आणि कधी दिली गेली ते सांगते. तुम्ही शनिवारीच मसुदा केलात आणि २० तारीख तशीच राहिली. आता डेस्कवर बसलेल्या माणसाच्या जागी राहून पाहा. २० तारखेचं पत्रक म्हणतं की २२ ची सभा पार पडली, आणि त्या सभेत अध्यक्ष «आज» म्हणतात. हा «आज» कोणता? रात्री पानं सोडायची घाई असते, समोर अशी तीस-चाळीस पत्रकं असतात. फोन करून विचारायला कुणी मोकळं नसतं. एकानं २० धरली असेल, एकानं २२, आणि एकानं तारीखच काढून टाकून «नुकतीच झाली» असं केलं असेल. तीन दैनिकांत तीन तऱ्हा आल्या त्या अशाच.

सोपा रिवाज असा की पत्रकाच्या आरंभी ज्या दिवशी पाठवता तीच तारीख घालायची आणि ती शेवटी, पाठवण्याआधी लिहायची. मसुद्यात तिथं रिकामी जागा सोडा. मजकुरात «आज», «काल», «उद्या» लिहूच नका. «रविवारी (ता. २१)» असं लिहा. ते सोमवारी छापलं काय किंवा मंगळवारी, अर्थ बदलत नाही. पुढच्या कार्यक्रमाला «येत्या रविवारी» म्हटलं तर काहीजण हा रविवार धरतात, काही त्यानंतरचा. तिथंही तारीखच द्या. महिना अक्षरात लिहा.

गावाचंही पाहा. तुमचं मुख्य कार्यालय सांगलीत, पण नोटिशीप्रमाणे सभा झाली मिरजेतल्या सभागृहात. पत्रकात मिरजेचं नाव कुठंच नाही. पत्रक सांगलीहून दिलं तर आरंभी सांगली ठेवायला हरकत नाही, पण मग पहिल्याच वाक्यात सभा मिरजेत झाली हे आलं पाहिजे. नाहीतर मिरजेचं पान करणाऱ्याला ही बातमी आपली आहे हे कळत नाही, आणि वाचकाला सभा सांगलीत झाली असं वाटतं.

तारखांच्याच फेरीत वर्षंही बघा. अध्यक्षांच्या तोंडी «चालू आर्थिक वर्षात ८ टक्के लाभांश» असं वाक्य आहे, त्यातला ८ शिळा आहे ते सोडा. सप्टेंबर २०२५ मध्ये चालू आर्थिक वर्ष म्हणजे २०२५-२६. लाभांश आहे तो ३१ मार्च २०२५ अखेर संपलेल्या २०२४-२५ चा. सभेत समोरासमोर बोलताना सगळ्यांना ते कळतं, छापल्यावर त्याचा अर्थ वेगळा होतो. सभा कितवी तेही मोजा. तुमच्या नोटिशीत ३२ वी आहे आणि पत्रकातही ३२ वी आहे, हे एक बरोबर आलं. पुष्कळ संस्थांच्या पत्रकांत मागच्या वर्षीचाच आकडा राहून जातो.

दुसरी फेरी पदांची. एका कोऱ्या कागदावर पत्रकात आलेल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा आणि पुढं त्याच्यासाठी जिथं जिथं जे पद आलं ते उतरवा. शीर्षक, पहिला परिच्छेद, भाषण, आभार, उपस्थितांची यादी आणि फोटोखालची ओळ, सगळीकडचं. तुमच्या पत्रकाचा असा कागद केला तर एकाच गृहस्थांपुढं तीन पदं जमतात. वर ते व्यवस्थापकीय संचालक आहेत, अहवालवाचन करताना मुख्य कार्यकारी अधिकारी झाले आणि फोटोखाली सरव्यवस्थापक. आडनावही एका ठिकाणीच आहे. त्यामुळे बाहेरच्या माणसाला हे तीन वेगळे अधिकारी वाटतात. तुमच्या अहवालात त्यांचं पद मुख्य कार्यकारी अधिकारी आहे. तेवढंच सगळीकडे ठेवा. शब्द बदलत राहिला तर भाषा सुरेख दिसते असं आपल्याला निबंधात शिकवलेलं असतं. पदाच्या बाबतीत ते उलटं आहे. पहिल्यांदा पूर्ण नाव आणि पूर्ण पद, पुढं फक्त आडनाव आणि आदरार्थी क्रियापद. अध्यक्षांना एका ठिकाणी «चेअरमन» केलंत, तेही «अध्यक्ष» करा.

पाहुण्यांच्या पदाची चूक मात्र गंभीर आहे. वर «जिल्हा निबंधक» आहे आणि शेवटी आभारात «जिल्हा उपनिबंधक». कुणाला वाटेल की एक शब्द इकडं तिकडं. पण ती दोन वेगळी खाती आहेत. सहकारी संस्थांचे जिल्हा उपनिबंधक सहकार खात्याचे असतात. नुसतं «जिल्हा निबंधक» म्हटलं की सह जिल्हा निबंधक डोळ्यांसमोर येतात, आणि ते नोंदणी व मुद्रांक खात्याचं पद आहे, तिथं दस्तांची नोंदणी होते. म्हणजे पत्रकानं पाहुण्यांचं खातंच बदललं. सरकारी अधिकाऱ्यांचं पद पत्रिकेवरून घेऊ नका, कारण पत्रिकाही आपणच छापलेली असते. त्यांच्या कार्यालयाकडून आलेल्या पत्रावर सहीखाली जे छापलेलं असतं ते उतरवून घ्या. प्रभार असेल तर प्रभारी लिहा. बदली होऊन गेलेल्यांचा उल्लेख असेल तर तत्कालीन.

आता भाषणांतली वाक्यं. अवतरणचिन्हांत जे असतं ते त्या माणसाच्या नावावर छापलं जातं, म्हणून ही फेरी मी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश करते. तुमच्या पत्रकात अध्यक्षांचं वाक्य आहे: «“आपल्या बँकेने सभासदांच्या विश्वासावर १ कोटी ६८ लाख रुपयांचा नफा मिळवला.» मजकुरात मात्र नफा १ कोटी ८६ लाख आहे. कोणता खरा ते अहवाल सांगेल. पण अहवालात ८६ निघाले तरी अवतरणचिन्हांच्या आतला आकडा गुपचूप बदलायचा नाही. आधी बघा अध्यक्ष काय बोलले. भाषणाचं रेकॉर्डिंग असेल तर ऐका. ते ८६च म्हणाले असतील आणि टंकताना उलटं झालं असेल, तर बदला. ते खरंच ६८ म्हणाले असतील तर त्यांना फोन करा. त्यांनी सांगितलं तर दुरुस्त करा, नाहीतर त्यांच्या वाक्यातून आकडा काढा आणि बरोबर आकडा संस्थेच्या नावानं मजकुरात द्या. मराठीत ही सोय चांगली आहे. अवतरणचिन्हं काढली आणि «असे अध्यक्षांनी सांगितले» असं केलं की शब्दाला शब्द जुळण्याचा आग्रह राहत नाही. अर्थाला धक्का लागला नाही म्हणजे झालं.

त्याच वाक्यात «बँक» आहे. गावाकडं सगळे पतसंस्थेला बँकच म्हणतात, अध्यक्षही ओघात म्हणाले असतील. पण पतसंस्था ही बँक नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ७ नुसार बँक नसलेल्यांना तो शब्द आपल्या नावात किंवा व्यवसायाच्या संदर्भात वापरता येत नाही, आणि रिझर्व्ह बँकेनं सहकारी संस्थांच्या बाबतीत याची जाहीर आठवणही करून दिली आहे. अध्यक्षांच्या नावानं, अवतरणचिन्हांत, संस्थेच्याच पत्रकात हा शब्द छापून येणं तुम्हाला परवडणारं नाही. इथं त्यांना सांगून «संस्थेने» करून घ्या. हे छाटणं आपण आपल्या मनानं करायचं नाही, पण त्यांच्या नजरेस आणून देणं हे आपलंच काम आहे.

आणि आता ती जागा, जी पाहून मी खुर्चीत सरसावून बसले. अध्यक्षांचं भाषण, मग पाहुण्यांचं मनोगत, आणि त्यानंतरचा परिच्छेद असा: «डिसेंबरअखेर तासगाव येथे नवीन शाखा सुरू करण्यात येणार आहे, असेही ते म्हणाले.» हे «ते» कोण? पहिल्या मसुद्यात हा परिच्छेद अध्यक्षांच्या भाषणाला जोडून असणार. नंतर कुणीतरी म्हणालं, पाहुण्यांचं वर घ्या. परिच्छेद हलला आणि «ते» तिथंच राहिलं. आता वाचणाऱ्याला वाटतं की नव्या शाखेची घोषणा जिल्हा उपनिबंधकांनी केली. ज्या सहकार खात्यानं तुमच्यावर देखरेख ठेवायची, त्याचा अधिकारी तुमच्या व्यासपीठावरून तुमची शाखा जाहीर करतो आहे, असा अर्थ झाला. ही चूक शुद्धलेखनाच्या कोणत्याच तपासणीत सापडत नाही, कारण वाक्य निर्दोष आहे. तेव्हा प्रत्येक «ते», «त्यांनी», «असेही» भोवती गोल करायचा आणि बाण काढून माणसापर्यंत न्यायचा. बाण दुसऱ्या माणसाच्या अंगावरून जात असेल तर नाव पुन्हा लिहायचं. बाई बोलल्या असतील तर «म्हणाले» आणि «म्हणाल्या» तेव्हाच तपासून होतं.

उघडणारी आणि मिटणारी अवतरणचिन्हं मोजा. तुमच्या अध्यक्षांचं भाषण उघडलं आहे, मिटलंच नाही. त्यामुळे अर्धं पत्रक त्यांच्या तोंडी गेलं आहे. भाषण दोन परिच्छेदांचं असेल तर दोन्ही परिच्छेद चिन्हानं उघडतात, आणि मिटतो फक्त शेवटचा.

संगणकावर शोधताना एक ध्यानात ठेवा. `Ctrl+F` मध्ये `21` टाकलंत तर «२१» सापडेलच असं धरून चालू नका. मागच्या वर्षीच्या फाइलमधून आलेले काही आकडे इंग्रजी अंकांत आणि तुमचे नवे देवनागरीत असं तुमच्या पत्रकात मिसळलं आहे. दोन्ही अंकांत शोधा. इंग्रजी अंक दिसला की मला तरी तो जुन्या फाइलचा अवशेष असल्याची खूणच वाटते, आणि पुष्कळदा ती खरी निघते. इंग्रजी दैनिकांसाठी पत्रक करत असाल तर मराठी पूर्ण पक्कं झाल्यावरच भाषांतर करा. दोन्ही एकदम चालवली की दुरुस्ती एकात होते आणि दुसऱ्यात राहते.

शेवटची दुरुस्ती ही सर्वात धोक्याची. माझ्या हातूनही ते घडलं आहे. डेस्क सोडल्यावर मी एका संस्थेचं प्रसिद्धीचं काम बघत होते. कार्यक्रमाचं पत्रक आदल्या दिवशी भूतकाळात लिहून ठेवलं होतं. पाहुणे आयत्या वेळी आले नाहीत. मी त्यांचं नाव पहिल्या परिच्छेदातून काढलं, घाईत पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं न झालेलं मनोगत त्यांच्या नावानं छापून आलं. पत्रक पाठवायच्या आधी एखादा शब्द जरी बदलला, तरी त्या माणसाचं नाव, ती तारीख किंवा तो आकडा पत्रकात आणखी कुठं कुठं आहे ते पाहून मगच पाठवायचं, हे मी तेव्हापासून पाळते. कार्यक्रमाआधी केलेल्या मसुद्यावर तर मी «आधीचा मसुदा» असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवते.

आता तुमच्यापुढचं तातडीचं काम. लाभांशाचा चुकीचा आकडा छापून आला आहे आणि तो सभासदांच्या पैशाचा आहे, म्हणून तो तसाच सोडू नका. तिन्ही दैनिकांना पूर्ण पत्रक पुन्हा पाठवायची गरज नाही. तसं केलं तर काय बदललं ते शोधायला कुणी बसत नाही, किंवा जुनंच पुन्हा छापतात. चार ओळींचं पत्र करा, विषयात «दुरुस्ती» हा शब्द घाला. आमच्या पत्रकात लाभांश ८ टक्के असं नजरचुकीनं लिहिलं गेलं, रविवारी (ता. २१) झालेल्या सभेत मंजूर झालेला लाभांश ९ टक्के आहे, एवढंच लिहा आणि ठरावाची प्रत जोडा. चूक आपल्या पत्रकातली होती हे साफ लिहा, म्हणजे बातमीदार अडचणीत येत नाही आणि दुरुस्ती छापायला मदत करतो. ज्या दैनिकानं पद चुकवलं त्यांना त्याच पत्रात पदाचंही कळवा. शाखांच्या फलकावर ९ टक्क्यांची सूचना लावा, ती कुणाच्या छापण्यावर अवलंबून नाही. शाखेच्या घोषणेबद्दल मात्र जिल्हा उपनिबंधक कार्यालयाला अध्यक्षांच्या सहीचं वेगळं पत्र जाऊ द्या. ते त्यांनी बातमी वाचून विचारण्याआधी पोचलेलं बरं. त्या पत्रात त्यांचं पद लिहिताना त्यांच्याकडून आलेलं पत्र शेजारी ठेवा.